एका डोळ्याने गाडी चालवणाऱ्यांनो, अनुभव टाका

घाटमाथा: भाच्याचा डावा डोळा अपघातात गेला. काल त्याने चहा कपाऐवजी बशीत ओतला आणि माझे जुने दिवस आठवले, माझाही डावाच. चहाचं सोपंय, किटलीची चोच कपाच्या काठाला टेकवून ओतायचं. पण त्याला कार चालवायचीय. लिहा.

स्टेपनी: सगळ्यात आधी काचेशेजारचा खांब. दोन डोळे असले की एकाला झाकलेलं दुसऱ्याला दिसतं. एका डोळ्याला त्या खांबामागे अख्खी स्कूटर लपते, आणि चौकात ती तुमच्या बरोबरीने सरकत आली तर लपलेलीच राहते. म्हणून वळण्याआधी कमरेतून पुढे झुकायचं, मग मागे, आणि मगच गाडी काढायची. डावीकडे नाक आड येतं, तिकडे नुसती नजर फिरवून भागत नाही. हनुवटी खांद्याकडे न्या. डावीकडून घुसणारे बाइकवाले तिथेच असतात.

सुगरण_नागपूर: सुईत दोरा ओवायचं काय करता? 😄

घाटमाथा: बायकोला हाक मारतो.

मंदार७: चांगल्या डोळ्यावर ताण नको, मोबाईल बंद, रोज तासभर झाकून ठेवा.

काचवाला: मंदार, वापरल्याने डोळा झिजत नाही. थकेल, कोरडा पडेल, तेवढंच. सांभाळायचं ते मारापासून. नंबर नसला तरी दिवसभर चष्मा, पॉलिकार्बोनेटचा, मध्यभागी निदान २ मिमी जाड. ओरखडे लवकर पडतात, कोटिंग मागा. दुचाकीवर व्हायझर खाली हवाच. त्या डोळ्यात चिलट गेलं की पुढचे काही क्षण तुम्ही आंधळेच.

रेवा_ठाणे: आईचा एका डोळ्याचा मोतीबिंदू झालाय, दुसरा कधी करावा?

स्टेपनी: रेवाताई, वेगळा धागा काढा ना. पार्किंगचं राहिलं. लांबचं अंतर वस्तूच्या आकारावरून, सावलीवरून कळतं, खरी फजिती शेवटच्या दोन-चार फुटांत होते. मान इंचभर डावी-उजवी हलवा, जवळचा खांब मागच्या भिंतीपेक्षा जास्त सरकतो. सिग्नलला पुढच्या गाडीचे टायर रस्त्याला टेकलेले दिसतील इतकं मागे थांबा. न रंगवलेला स्पीडब्रेकर मात्र रात्री मलाही कळत नाही.

काचवाला: घाटमाथा, भाच्याचा डोळा चिरला किंवा फुटला होता का? तसं असेल तर चांगला डोळा लाल झाला, उजेड सोसेना किंवा धूसर दिसू लागलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. अशा जखमेनंतर क्वचित दुसऱ्या डोळ्यालाही आतून सूज येते, काही आठवड्यांनी किंवा वर्षांनीसुद्धा.

घाटमाथा: फुटलाच होता. हे कुणी सांगितलंच नाही. आत्ता फोन करतो त्याला.

मंदार७: आणि लायसन्सचं काय?

सुगरण_नागपूर: आमच्याकडे एकाला मिळालं, एकाला परत पाठवलं. कुकरची शिट्टी झाली, आले.