शब्दचर्चा : 'ई-मार्कर'ला मराठीत काय म्हणावं?

मृण्मयी
एका चार्जरच्या खोक्यातल्या पत्रकाचा मराठी अनुवाद करतेय. काम दहा ओळींचं, पण एका वाक्यापाशी दोन दिवस अडलेय : 'लॅपटॉप चार्जिंगसाठी ई-मार्कर असलेली यूएसबी-सी केबल वापरा.' ई-मार्कर तसंच ठेवलं तर वाचणाऱ्याला काही कळणार नाही. 'इलेक्ट्रॉनिक चिन्हक' केलं तर मलाच कळत नाही. ही एक चिप असते आणि केबलच्या प्लगमध्ये बसवलेली असते, एवढंच ठाऊक आहे. ती करते काय, हे कोणी सांगितलं तर शब्द सापडेल.

दत्तू पेणकर
मार्कर म्हणजे पांढऱ्या फळ्यावर लिहायचं पेन ना? आमच्या ऑफिसात सगळ्यांच्या केबली एकसारख्या दिसतात, म्हणून मी माझ्या केबलीवर लाल मार्करने फुली मारून ठेवलीय. मराठीत सरळ 'खूण' म्हणा.

ओहमकार
दत्तूशेठ, पेन नव्हे. आणि मृण्मयीताई, ती चिपसुद्धा नव्हे. प्लगमध्ये ५६ किलोओहमचा एक रोध असतो. २०१५ साली गूगलमधले अभियंते बेन्सन लिउंग बाजारातल्या केबली विकत घेऊन तपासत होते आणि कितीतरी केबलींत ५६ऐवजी १० किलोओहमचा रोध सापडत होता. मग फोन समजायचा, समोरून ३ अँपिअर मिळतात, आणि तेवढे ओढायला जायचा. बिचारा जुना अडॅप्टर तापायचा. तोच हा मार्कर. 'ओळखरोध' शब्द कसा वाटतो?

टाकणखार
ओहमकार, गोष्ट खरी आहे, पण केबल दुसरी. ५६ किलोओहमचा रोध एका टोकाला जुना चौकोनी प्लग आणि दुसऱ्या टोकाला सी असलेल्या केबलीत असतो. त्या केबलीत ई-मार्कर नसतोच. ताई विचारताहेत ती दोन्ही टोकांना सी असलेली. तिच्यात खरंच चिप असते, तांदळाच्या दाण्याहून लहान. दुरुस्तीच्या टेबलावर असे प्लग फोडून पाहिलेत म्हणून सांगतो.

काम असं चालतं. सी-प्लगमध्ये बोलणी करायला दोन संपर्क असतात. त्यातल्या एकाची तार केबलीतून आरपार लॅपटॉपपर्यंत जाते. लॅपटॉपच्या बाजूला ५.१ किलोओहमचा रोध असतो. तो दिसला की चार्जरला कळतं, पलीकडे कोणीतरी वीज मागणारं आहे. दुसरा संपर्क साध्या केबलीत मोकळा असतो. चिपवाल्या केबलीत मात्र तिथे साधारण १ किलोओहम दिसतो. म्हणजे या घरात माणूस राहतो. मग चार्जर त्या संपर्कावर थोडी वीज सोडून चिपला जागं करतो आणि पहिल्या तारेवरून विचारतो, तू कोण? चिप उत्तर देते : माझा उत्पादक अमुक, मी ३ किंवा ५ अँपिअर वाहू शकते, एवढे व्होल्ट सोसते, डेटाचा वेग एवढा.

चिपचं काम इथे संपलं. लॅपटॉपकडे जाणारी वीज तिच्यातून जात नाही, ती काही मोजत नाही, काही तोडत नाही. उत्तर ऐकून चार्जर ठरवतो, लॅपटॉपला काय काय देऊ करायचं.

मृण्मयी
अहो, हे छान उलगडलं. पण उत्तरच आलं नाही तर?

टाकणखार
तर चार्जर धरून चालतो की केबल ३ अँपिअरची आहे. नियमाने प्रत्येक सी-ते-सी केबलीला तेवढं झेपलंच पाहिजे. २० व्होल्ट गुणिले ३ अँपिअर, म्हणजे ६० वॉट. त्याच्या वर जायचं तर केबलीने स्वतः सांगावं लागतं की मला ५ झेपतात. म्हणून पत्रकातलं वाक्य अर्धवट आहे. ४५ वॉटवर चालणारा लॅपटॉप साध्या केबलीवर सुखाने चार्ज होतो. चिप लॅपटॉपला लागत नाही, ३ अँपिअरच्या पुढच्या प्रवाहाला लागते.

सायली_रेंडर
मध्येच घुसतेय, पण हे माझ्याच घरात झालंय! लॅपटॉप १०० वॉटचा, चार्जर १०० वॉटचा, तरी व्हिडिओ रेंडरला लावला की प्लग लावलेला असूनही बॅटरी उतरायची. तासाभरात ८० टक्क्यांवरून ६०च्या खाली. दुकानदार म्हणाला बॅटरी गेली, बदला. मी बदलली. पैसे गेले, त्रास तिथेच. केबल फोनबरोबर आलेली होती, लांब होती म्हणून वापरत होते. तीच भानगड का?

टाकणखार
बहुतेक तीच. मध्ये लावायचा यूएसबी मीटर मिळतो, तो लावून बघा. २० व्होल्ट दिसले आणि रेंडर चालू असताना आकडा ३ अँपिअरच्या आसपास अडकून राहिला, तर चोर सापडला. लॅपटॉप खातोय ७५-८०, येताहेत जेमतेम ६०, उरलेले बॅटरीतून जातात. रेंडर थांबलं की बॅटरी परत भरू लागते, म्हणून संशय केबलीवर जातच नाही.

सायली_रेंडर
सहकाऱ्याकडून मीटर आणि २४० वॉट छापलेली केबल आणली. फोनच्या केबलीवर : २० व्होल्ट, २.९ अँपिअर, काही केल्या वर जाईना. दुसरी लावली : तेच रेंडर, ४.१ अँपिअर, आणि बॅटरी भरायला लागली. जुनी बॅटरी कपाटात आहे, कोणाला हवी?

निवृत्त_वाहक
मी एस.टी.त होतो, विजेतलं कळत नाही, पण शब्दात रस आहे म्हणून वाचतो. टाकणखारांचं वाचून गाडीत रंगवलेली आसनसंख्या आठवली. ती पाटी गर्दी अडवत नाही. ती वाचून गर्दी अडवायची कंडक्टरने. तुमचा चार्जर म्हणजे कंडक्टर. तर 'क्षमतापाटी' म्हणा.

ओहमकार
नाना, वा! माझा ओळखरोध मागे घेतो. पण एक शंका. पाटी खोटी रंगवली तर? केबल बारकी आणि चिपमध्ये ५ लिहून ठेवलं?

टाकणखार
कंडक्टर फसतो. चिपमध्ये काय भरायचं ते केबल बनवणारा ठरवतो, आत तांबं किती आहे हे चिपला माहीत नसतं. आणि ३ ते ५ हा फरक दिसतो त्याहून मोठा आहे, कारण तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. समजा जाऊन-येऊन तारेचा रोध पाव ओहम आहे. ३ अँपिअरच्या केबलीला एवढा चालतो. ३ अँपिअरला त्यात सव्वादोन वॉट जळतात, लांबीभर पसरतात, हाताला कोमट लागतं. त्याच तारेतून ५ पाठवले तर सव्वासहा वॉट. त्यातून प्लगमधला एखादा संपर्क सैल असेल तर उष्णता तिथेच साठते आणि प्लास्टिक पिवळं पडायला लागतं. असे प्लग येतात माझ्याकडे. म्हणून ५ लिहिलेली केबल पूर्ण भारावर अर्धा तास चालवून प्लगला बोट लावून बघावं. बोट ठेवता येत नसेल तर चिप काहीही म्हणो.

जोडकेबलीचंही असंच. मूळ केबलीतली चिप म्हणते ५, पुढे जोडलेल्या तुकड्याबद्दल कोणी विचारतच नाही. सी-ची एक्स्टेन्शन नियमात बसत नाही ती यामुळेही.

कोपरखळी
म्हणजे पाटी नव्हे, 'दाखला'! साहेबाने सही केली की खरा. तलाठी काय शेतावर जाऊन येतो का?

मृण्मयी
कोपरखळी, हसले, पण 'दाखला' शब्द जवळचा आहे. मागितल्यावर दाखवायचा, आणि दाखवणाऱ्याने स्वतःबद्दल दाखवायचा. क्षमतापाटी न विचारताही दिसते. ही चिप विचारल्याशिवाय बोलत नाही, बरोबर ना?

टाकणखार
बरोबर. वीजही तिला चार्जरने द्यावी लागते. पण एक अडचण : चिप फक्त अँपिअर सांगत नाही. भरधाव डेटाच्या सी-ते-सी केबलींना ३ अँपिअरच्या असल्या तरी चिप सक्तीची आहे, वेग सांगण्यासाठी. तेव्हा 'क्षमता' चालेल, पण ती फक्त विजेची नव्हे. उलटंही लक्षात ठेवा : चिप आहे म्हणजे ५ अँपिअर आहेतच असं नाही.

ओहमकार
आणि मुळात ई म्हणजे ई-मेलमधला ई. डिजिटल काहीतरी, ऑनलाइन.

मृण्मयी
ई इलेक्ट्रॉनिकचाच, पण ऑनलाइनशी संबंध नाही. मूळ प्रयोग 'इलेक्ट्रॉनिक पद्धतीने खूण केलेली केबल' असा आहे, त्यावरून चिपला मार्कर म्हणू लागले. म्हणजे खूण केबलीला आहे. दत्तूभाऊ, तुमची लाल फुली अगदीच चुकीची नव्हती!

दत्तू पेणकर
बघा! पण माझ्या फुलीला चार्जर विचारत नाही.

मृण्मयी
टाकणखार, हा चार्जर ६५ वॉटचा आहे. तुमच्या हिशोबाने ६०च्या जवळच. मग वाक्य काढूनच टाकू?

टाकणखार
काढू नका. गंमत इथेच आहे. ६५ म्हणजे २० व्होल्टला ३.२५ अँपिअर. पाव अँपिअरने का होईना, ३ची रेघ ओलांडली. साध्या केबलीवर नियम पाळणारा चार्जर ३वर थांबतो आणि ६० देतो. ५ वॉटांनी कोणाचं अडत नाही, पण काही लॅपटॉप 'चार्जर कमी ताकदीचा आहे' असा इशारा दाखवतात आणि गिऱ्हाईक चार्जर परत घेऊन येतं. नियम न पाळणारे चार्जरही आहेत, केबलीला न विचारता ३.२५ देऊन मोकळे होतात. खोक्यात केबल आहे का, की चार्जरला जोडूनच आलीय? कायमची जोडलेली असेल तर चिप लागतच नाही, आपल्या केबलीत काय आहे ते चार्जरला जन्मापासून माहीत असतं.

मृण्मयी
सुटा आहे, केबल वेगळी घ्यायची. मग असं लिहिते : 'पूर्ण ६५ वॉट मिळण्यासाठी क्षमता-दाखला देणारी, म्हणजेच ई-मार्कर चिप असलेली, ५ अँपिअरची यूएसबी-सी केबल वापरा. साध्या केबलीवर ६० वॉटपर्यंत चार्जिंग होईल.'

निवृत्त_वाहक
क्षमता-दाखला जोडून बरा वाटतो, पण लांब. गिऱ्हाईक दुकानात ई-मार्करच मागणार. खोक्यावर तेच छापलेलं असतं.

टाकणखार
नाही हो नाना, कित्येक खोक्यांवर तेही नसतं. प्लगवर ६० किंवा २४० वॉट छापलेलं असलं तर ते बघा. २४०वाल्या केबलीतही प्रवाह ५ अँपिअरच असतो, व्होल्ट ४८पर्यंत चढतात, म्हणून तिच्या चिपमध्ये ५० व्होल्ट नोंदलेले असतात. १०० वॉटच्याही अजून मिळतात. ताई, 'दाखला देणारी'पेक्षा 'दाखला असलेली' लिहा. देणारी म्हटलं की चार्जरला दाखला देते की लॅपटॉपला, असा प्रश्न येईल.

कोपरखळी
आणि लॅपटॉपने विचारलं तर सांगा, तलाठी जेवायला गेलेत.

दत्तू पेणकर
आत्ता पाहिलं, माझ्या लाल फुलीवाल्या केबलीवर वॉट-बिट काही नाही, नुसतं '२ मीटर' लिहिलंय. लॅपटॉप ४५ वॉटचा आहे. ठेवू का टाकू?

टाकणखार
ठेवा. फुली पुसू नका.