मदत हवी आहे: लेकीचं पहिलं पापनिवेदन आणि कम्युनियन

वसईकर मंडळी, लेकीचं पहिलं कम्युनियन रविवारी सकाळच्या मिस्सेत आहे, पापनिवेदन आदल्या शनिवारी. पश्चात्तापाची प्रार्थना तोंडपाठ आहे, पण फादरांना सांगायचं काय, इथे ती अडते. "भावाला मारलं, खोटं बोलले" एवढंच सुचतं. मला तेवढं पुरेसं वाटतं. आजी मात्र दहा आज्ञा समोर ठेवून यादीच लिहून घेतेय! चिठ्ठी नेलेली चालते का? की मग मूल नुसतं वाचूनच दाखवतं?

फ्रॉक पांढरा, साधा, बाह्यांचा शिवतोय. डोक्यावर वेल हवाच का, की फुलांचा मुकुट पुरे? कम्युनियनआधी तासभर पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही, म्हणून नाश्ता लवकर देऊ. जेवण घरीच. केक कापण्याआधी प्रार्थना तुमच्याकडे कोण म्हणतं, धर्ममाता का?