आईच्या बँक ॲपमध्ये दोन ऑटोपे विनंत्या, कोणती मंजूर करू?

नमस्कार मंडळी. मी राजारामपुरीतून. काल रात्री आईच्या बँक ॲपमध्ये ऑटोपेच्या यादीत दोन विनंत्या ‘Pending’ दिसल्या. ती म्हणते, "मी काहीच दाबलं नाही रे."

पहिलीत Indian Clearing Corporation हे नाव आहे, कमाल रक्कम ५,००० रुपये, दरमहा. आधी घाबरलो. मग आठवलं, गेल्या आठवड्यात तिची २,००० रुपयांची एसआयपी सुरू केली. तिथे फंडाऐवजी क्लिअरिंग कॉर्पोरेशनचं नाव येऊ शकतं, आणि ५,००० ही फक्त वरची मर्यादा असते. तरी एसआयपीच्या ॲपमधला मँडेट नंबर जुळल्याशिवाय पिन टाकणार नाही.

खरी काळजी दुसरीची आहे. आत्ता फक्त १ रुपया, पण खाली कमाल रक्कम ४,९९९, वारंवारता ‘As presented’, मुदत २०५४ पर्यंत. म्हणजे समोरचा हवं तेव्हा पैसे मागू शकतो, आणि १५,००० च्या आतल्या पुढच्या कपातीला पुन्हा पिन लागत नाही. २४ तास आधी मेसेज येतो खरा, पण आई मेसेज उघडतच नाही. तिने भजनांचं एक ॲप ‘१ रुपयात ट्रायल’ बघून उघडलं होतं, तिथूनच आली असावी असं वाटतं.

ही मी नाकारणारच आहे. पण नाकारल्यावर तेच लोक पुन्हा पुन्हा विनंती पाठवतात का? यूपीआय आयडी बदलावा लागतो, की त्यांना ब्लॉक करून भागतं? आणि ई-नॅचचे जुने मँडेट या यादीत दिसत नाहीत, ते कुणी शाखेत जाऊन तपासलेत का? कृपया अनुभव सांगा.