मदत हवी आहे: लंडनच्या रिक्रूटरला इंटरव्ह्यूच्या वेळा कशा लिहू?

नमस्कार मंडळी, मी देवगडची, घरूनच काम करते. लंडनच्या एका रिक्रूटरने वेळा विचारल्यात, बाई एवढी बिझी की तिचा अख्खा मेल एका ओळीचा. गेल्या वेळी दुसऱ्या एकीला नुसतं "दुपारी ३ नंतर कधीही" लिहिलं, तर कोणाचे ३ यातच चार मेल गेले आणि स्लॉट हातचा गेला, फार वाईट वाटलं.

यावेळी असं लिहिलंय, तिची वेळ आधी:

शुक्र. २३ ऑक्टो. – लंडन सकाळी १०:०० / भारत दुपारी २:३०
मंगळ. २७ ऑक्टो. – लंडन सकाळी १०:०० / भारत दुपारी ३:३०
बुध. २८ ऑक्टो. – लंडन सकाळी ११:०० / भारत दुपारी ४:३०

२५ ऑक्टोबर २०२६ ला तिकडची घड्याळं तासभर मागे जातात, म्हणून फरक साडेचारचा साडेपाच होतो. पण तिला ती माझी चूक वाटेल का? खाली एक ओळ खुलासा टाकू की मेल लांबेल? संध्याकाळचे स्लॉट मुद्दाम टाळलेत, परतीच्या पावसात गडगडायला लागलं की आमची लाईट जातेच. तीन स्लॉट पुरेत ना? आज रात्री पाठवायचाय, प्लीज सांगा.