अतिप्रदानाची वसुली: हरकत घेऊन हप्ते मागता येतात का?

निळासावळा: राज्य शासनाच्या कार्यालयात लिपिक-टंकलेखक आहे. सातव्या आयोगाच्या वेतननिश्चितीत आस्थापना शाखेने एक वेतनवाढ जास्त धरली होती. वेतन पडताळणी पथकाच्या आक्षेपानंतर आता १,४४,००० रुपयांच्या वसुलीचं पत्र आलंय. पुढच्या पगारापासून दरमहा २०,००० कापणार म्हणे. हातात ४६,००० येतात, त्यातले १७,००० घराच्या हप्त्याला जातात. नोटीस नाही, हिशेब नाही. अर्ज कसा करू?

गावकरी७: काही देऊ नका! गट क कडून वसुली करता येत नाही, रफीक मसीह प्रकरणात २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलंय.

जुनी_फाईल: अर्धंच सांगितलंत. त्या निकालात गट क-ड आहेत, आदेशाआधी पाच वर्षांहून जास्त काळ चाललेलं जादा प्रदानही आहे. पण २०१६ च्या जगदेव सिंग प्रकरणात न्यायालय म्हणालं, जादा रक्कम परत करीन असं वचनपत्र दिलं असेल तर वसुली होऊ शकते. तो कर्मचारी न्यायाधीश होता, त्यामुळे गट क ला ते कितपत लागू यावर वाद घालता येतो. निळासावळा, विकल्प देताना वचनपत्रावर सही केली होती का? सेवापुस्तकात बघा.

निळासावळा: केली होती. सगळ्यांकडून छापील घेतलं होतं.

मीनल_प: आमच्या कंपनीने तर राजीनाम्यानंतर फुल अँड फायनलमधून कापले. मॅटला जाऊ का?

जुनी_फाईल: मॅट सरकारी कर्मचाऱ्यांसाठी आहे ताई, तुमचं वेगळं. नवा धागा काढा.

निळासावळा, अर्ज कार्यालयप्रमुखांना, आवक क्रमांक घेऊन द्या. आधी महिनावार तक्ता मागा: काय दिलं, काय द्यायला हवं होतं, फरक किती. एनपीएस असेल तर जादा मूळ वेतन आणि महागाई भत्त्यावरचे १० टक्के तुमच्या हातात आलेच नाहीत, खात्यात गेले. वसुली ढोबळ रकमेची लावली असेल तर तिथेच आक्षेप घ्या. मग लिहा, 'चूक कार्यालयाची आहे, मी कोणतीही माहिती लपवलेली नाही, म्हणून वसुली रद्द करावी.' त्याखाली पर्यायी विनंती: 'माझी हरकत अबाधित ठेवून, वसुली करायचीच असल्यास दरमहा ४,००० प्रमाणे ३६ हप्ते द्यावेत.' हे 'हरकत अबाधित' विसरलात तर नुसती हप्त्यांची मागणी म्हणजे कबुली, असं उद्या तेच म्हणतील. बँकेच्या हप्त्याचा उतारा जोडा.

गावकरी७: आणि ३६ महिन्यांत बदली झाली तर?

जुनी_फाईल: शिल्लक अंतिम वेतन प्रमाणपत्रावर चढते, नव्या कार्यालयात कपात चालू राहते. निवृत्तीला ३६ महिन्यांपेक्षा कमी उरले असतील तर मात्र हप्त्यांचा मेळ बसणार नाही.

निळासावळा: निवृत्तीला अजून ११ वर्षं आहेत. फरक जुलै २०१९ पासूनचा आहे, म्हणजे पाच वर्षांचा मुद्दाही टाकतो. पण बिल २० तारखेला लागतं, तोवर उत्तर आलं नाही तर २०,००० कापतीलच ना?

जुनी_फाईल: कापू शकतात, अर्ज दिल्याने कपात आपोआप थांबत नाही. स्थगिती मॅटच देईल, आणि वचनपत्र असताना ती मिळेलच असं मी सांगणार नाही. आज अर्ज देऊन लेखाधिकाऱ्यांना प्रत्यक्ष भेटा. हप्ते किती ठरवायचे हे बहुतेक ठिकाणी त्यांच्याच टिपणीवर अवलंबून असतं.