दोन नोकऱ्या, दोन फॉर्म १६

"फॉर्म १६ मिळालाय, मग रिटर्न भरायला आणखी काय लागणार?"

वर्षभर एकच नोकरी असेल तर तो आयकर खात्याच्या एआयएस या वार्षिक माहितीपत्रकाशी ताडून पाहिला की बहुतेकांचं भागतं. नोकरी मध्येच बदलली असेल तर मात्र दोन्हीकडचे लागतात, आणि खरा घोळ इथेच होतो. समजा, २०२४-२५ मध्ये नव्या करप्रणालीत दोन्हीकडे सहा-सहा लाख पगार झाला. प्रत्येक कंपनीने आपल्यापुरतं पाहिलं, टीडीएस शून्य. रिटर्नमध्ये बेरीज बारा लाख होते. ७५,००० ची प्रमाणित वजावट एकदाच मिळते, सात लाखांपर्यंतची करसवलत जाते आणि सेससह ७१,५०० रुपये कर निघतो, वर व्याज वेगळं.

टीडीएस कापलाच नसेल तर कंपनी फॉर्म १६ देईलच असं नाही, म्हणून पगाराच्या स्लिपा जपून ठेवा. नव्या कंपनीत रुजू होताना आधीच्या पगाराचा तपशील फॉर्म १२बी मध्ये दिलात, तर हाच कर दरमहा थोडाथोडा कापला जातो.