सरांना वेळ सांगण्याआधी डिस्क बघून घे

"रात्री लॅपटॉप बंद पडला, आता सुरूच होत नाही. उद्या पाचला प्रोजेक्ट द्यायचा आहे. सरांना काय कळवू?"

आत्ताच दोन ओळी पाठव: लॅपटॉप बंद पडला आहे, नक्की वेळ उद्या बारापर्यंत सांगतो. सकाळी घाटंजीला दुकानात डिस्क काढून यूएसबी केसमध्ये लावायला सांग. दुसऱ्या संगणकावर फोल्डर उघडलं, तर काम बहुतेक वाचलं. डिस्कचं लॉक उघडायला रिकव्हरी की मागितली, तर ती बहुधा तुझ्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडेल. हार्ड डिस्क टकटक वाजत असेल तर मात्र परत परत लावू नको, उरलंसुरलंही जाईल.

मग लिही: "सर, नमस्कार. लॅपटॉप बिघडल्याने अहवाल आज पाचला देता येत नाही. तीन प्रकरणं मिळाली, ती सोबत जोडली आहेत. चौथ्याची फाइल उघडत नाही, त्यातले तक्ते पुन्हा करतो आहे. बुधवारी दुपारी 4 पर्यंत पूर्ण पीडीएफ पाठवतो. चालेल का?"

तक्त्यांना एक दिवस लागणार असेल तर दीड दिवस माग. आपल्याकडे लाईन कधी जाईल सांगता येत नाही, आणि दुसऱ्यांदा मुदत मागणं फार जड जातं. ती तीन प्रकरणं जोडायला विसरू नको. काम खरंच झालंय हे सरांना त्यावरूनच दिसेल.